कृष्णविवरात पडणाऱ्या घड्याळात बारा वाजतात, पण आपल्याला ते कधीच का दिसत नाहीत?

कृष्णविवरात पडणाऱ्या वस्तूबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही खऱ्या आहेत. लांबून पाहणाऱ्याला ती वस्तू कडेजवळ हळू हळू होत जाताना दिसते आणि कड ओलांडताना कधीच दिसत नाही. त्या वस्तूसोबत जो पडतोय, त्याच्या घड्याळाप्रमाणे मात्र ती ठरल्या वेळी कड ओलांडते आणि पुढे काही क्षणांत सगळं संपतं. इथे बहुतेक वाचक अडखळतात. एकाच घटनेची दोन उत्तरं कशी? वस्तू पडली की नाही पडली?

‘तिथे काळ थांबतो’ एवढं सांगून विषय संपवायची पद्धत आहे. मला ते वाक्य खटकतं, कारण त्यातून असं वाटतं की पडणाऱ्याचं घड्याळ खरोखरच अडकून पडतं. तसं काही होत नाही. गोठते ती आपल्यापर्यंत पोचणारी बातमी. हे नीट पटायचं असेल तर एक उदाहरण आकड्यांसकट शेवटपर्यंत न्यायला हवं, म्हणून तेच करू.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सॅजिटेरियस ए-स्टार नावाचं कृष्णविवर आहे. त्याचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं भरतं. ते फिरत नाही आणि त्याच्याभोवती वायू नाही, असं सोयीसाठी धरू. मग त्याच्या कडेची, म्हणजे घटना क्षितिजाची त्रिज्या येते सुमारे १ कोटी २७ लाख किलोमीटर. हे क्षितिज म्हणजे काही भिंत किंवा पृष्ठभाग नव्हे. तिथे हात लावण्यासारखं काहीही नसतं. ज्या अंतरापासून आत सोडलेला प्रकाश पुन्हा बाहेर येऊ शकत नाही, ती ही सीमा.

आता खूप लांबून एक यान या कृष्णविवराकडे सोडलं. इंजिन बंद, नुसतं सरळ रेषेत पडतंय. यानात एक घड्याळ आहे आणि एक हिरवा दिवा आहे, जो दर सेकंदाला एकदा लुकलुकतो. आपण दूर एका जागी स्थिर राहून दुर्बिणीतून पाहतोय. यानातलं घड्याळ असं लावलंय की क्षितिज ओलांडताना त्यात बरोबर १२ वाजावेत.

यानातल्या माणसासाठी शेवटचं मिनिट साठ सेकंदांचंच असतं. ११:५९ ते १२:००, साठ लुकलुक, सगळ्या सारख्या अंतराने. ११:५९ ला यान केंद्रापासून सुमारे २ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतं. आपल्याकडे ही ११:५९ ची लुकलुक ज्या क्षणी पोचली, तिथून आपण आपलं घड्याळ मोजायला सुरुवात करू. यान ११:५९ ला जिथे होतं तिथून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला जो वेळ लागतो तो सगळ्याच लुकलुकींना सारखा लागतो, म्हणून तो बाजूला ठेवता येतो.

सुरुवातीला दोन लुकलुकींमध्ये आपल्याला सुमारे तीन सेकंद जाताना दिसतात. नंतर हे अंतर वाढत जातं. ११:५९:५० ची लुकलुक आपल्याकडे येते ४ मिनिटं ३ सेकंदांनी. यानातले पन्नास सेकंद आपल्याला चार मिनिटं पुरले. पुढच्या नऊ सेकंदांना आणखी साडेतीन मिनिटं लागतात आणि ११:५९:५९ ची लुकलुक आपल्या घड्याळात ७ मिनिटं ३६ सेकंदांवर पोचते. त्याच्या आधीची, ५८ व्या सेकंदाची लुकलुक येऊन तेव्हा एक अख्खं मिनिट झालेलं असतं.

त्यानंतरची लुकलुक १२:०० ची. ती येतच नाही.

दिवा सतत पेटता ठेवला तर मधलं काय दिसतं तेही सांगता येतं. बारा वाजायला सेकंदाचा दहावा भाग उरला असतानाचं दृश्य आपल्याकडे आणखी ३ मिनिटं १७ सेकंदांनी येतं. शंभरावा भाग उरला असतानाचं, त्यानंतर ३ मिनिटं १५ सेकंदांनी. हजारावा भाग, पुन्हा ३ मिनिटं १५ सेकंदांनी. इथून पुढे हा हिशेब बदलत नाही. दर सव्वातीन मिनिटांनी उरलेल्या वेळाचा फक्त एक दशांश शिल्लक राहतो, आणि उरलेलं कधीच शून्य होत नाही. आपण तासभर पाहा, वर्षभर पाहा, यानातल्या घड्याळात बारा वाजलेले दिसणार नाहीत. ‘काळ गोठतो’ म्हणतात ते हे.

हे का होतं, ते पाहायला एक चित्र फार उपयोगी पडतं. सापेक्षतावादाची गणितं वेगवेगळ्या पद्धतींनी मांडता येतात. त्यातली एक पद्धत पेनलेव्हे यांनी १९२१ मध्ये आणि गुलस्ट्रँड यांनी १९२२ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. त्या मांडणीत अवकाश हा कृष्णविवराकडे वाहणाऱ्या नदीसारखा दिसतो. वाहणारा कुठलाही पदार्थ तिथे नसतो, पण गणित अगदी तसंच चालतं. जसजसं आत जावं तसा ओढ वाढतो. क्षितिजाच्या नऊपट अंतरावर ओढाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या एक तृतीयांश, चौपट अंतरावर निम्मा, आणि क्षितिजावर बरोबर प्रकाशाच्या वेगाइतका. क्षितिजाच्या आत त्याहूनही जास्त.

यानाने पोहायचं सोडून दिलंय. ते ओढाबरोबर निवांत वाहत चाललंय, म्हणून त्याला काहीच जाणवत नाही आणि त्याचं घड्याळ नेहमीसारखं चालतं. दिव्याचा प्रकाश मात्र ओढाविरुद्ध पोहत आपल्याकडे यायला निघतो. तो पाण्यात कायम प्रकाशाच्या वेगानेच पोहतो, त्यात फरक पडत नाही. पण किनाऱ्याच्या हिशेबाने तो किती पुढे सरकतो, हे ओढ किती आहे त्यावर ठरतं.

आता शेवटच्या दोन लुकलुकींकडे जवळून पाहू. ५८ व्या सेकंदाची लुकलुक निघते तेव्हा यान क्षितिजापासून सुमारे ५ लाख ९३ हजार किलोमीटर वर असतं. तिथे ओढाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या पावणेअठ्ठ्याण्णव टक्के. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर पोहणारा प्रकाश प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ६,७६० किलोमीटरच वर सरकतो. सेकंदाने यान क्षितिजापासून २ लाख ९८ हजार किलोमीटरवर येतं आणि ५९ व्या सेकंदाची लुकलुक निघते. इथे ओढ आणखी जोरदार. या लुकलुकीचा प्रकाश सुरुवातीला सेकंदाला फक्त साडेतीन हजार किलोमीटर वर चढतो. आदली लुकलुक जिथून निघाली होती, त्या उंचीवर पोचायलाच तिला जवळजवळ एक मिनिट लागतं. तिथून पुढे दोघींची वाट एकच, त्यामुळे हे एका मिनिटाचं अंतर आपल्यापर्यंत तसंच टिकून येतं.

लुकलुकींमधलं वाढतं अंतर हे असं तयार होतं. यानातल्या घड्याळात कुठेही बिघाड नाही, ते मंदावलेलं नाही. प्रत्येक पुढचा संदेश आधीच्या संदेशापेक्षा अधिक जोरदार ओढातून वाट काढत येतो, आणि क्षितिजाला जितकं चिकटून निघावं तितका त्याला उशीर होतो.

बरोबर १२ वाजता, क्षितिजावर, ओढाचा वेग आणि प्रकाशाचा वेग सारखे होतात. त्या क्षणी बाहेरच्या दिशेने निघालेला प्रकाश जागच्या जागी पोहत राहतो. तो आतही जात नाही, बाहेरही येत नाही. १२:००:०१ ला निघालेला प्रकाश तर बाहेरच्या दिशेने पोहत असूनही आतच ओढला जातो.

मग ‘जड वस्तूजवळ काळ हळू चालतो’ या विधानाचं काय? ते खरं आहे, पण ते कशाबद्दल आहे हे पाहायला हवं. ते आहे कृष्णविवराजवळ एका जागी तरंगत राहणाऱ्या घड्याळाबद्दल. सतत इंजिन चालवून क्षितिजाच्या त्रिज्येच्या १.३३ पट अंतरावर कुणी स्थिर राहिलं, तर त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या निम्म्या वेगाने चालेल. परत येऊन दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली तर फरक खरोखर दिसेल. जितकं क्षितिजाजवळ तरंगावं तितका हा वेग शून्याकडे जातो, आणि इथूनच ‘क्षितिजावर काळ थांबतो’ हे वाक्य आलं. पण क्षितिजावर कुठलंच घड्याळ तरंगत राहू शकत नाही. त्यासाठी अमर्याद ताकदीचं इंजिन लागेल. ते वाक्य अशा घड्याळाचं वर्णन करतं जे अस्तित्वातच येऊ शकत नाही. आपलं यान तरंगत नाही, पडतंय, आणि पडणाऱ्याला ते लागू करणं चूक आहे.

प्रत्यक्षात मोजता येणाऱ्या परिणामाचा एक पुरावा याच कृष्णविवरापाशी मिळालाय. एस२ नावाचा तारा त्याच्याभोवती सुमारे सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो सगळ्यात जवळ आला, तेव्हाही तो क्षितिजाच्या त्रिज्येच्या सुमारे चौदाशे पट दूरच होता आणि सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने जात होता. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी साध्या न्यूटनच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त ताणलेली निघाली, सापेक्षतावादाने सांगितलं होतं तितकीच. आपल्या यानाच्या बाबतीत हाच परिणाम टोकाला जातो.

आणि इथेच ‘काळ गोठतो’ या कल्पनेची दुसरी अडचण येते. कल्पनाचित्रांमध्ये कडेवर गोठून राहिलेला अंतराळवीर दाखवतात, जणू काही तो तिथे युगानुयुगं लटकलेला दिसेल. असा तो दिसणार नाही.

लुकलुकींमधलं अंतर जसं ताणलं जातं, तसंच प्रकाशाच्या एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचं अंतरही ताणलं जातं. दोन्ही एकाच कारणाने आणि एकाच प्रमाणात. दिव्याचा हिरवा प्रकाश म्हणजे ५०० नॅनोमीटर तरंगलांबी. ती दीडपट झाली की प्रकाश लालच्या टोकाला जातो आणि डोळ्याला दिसेनासा होतो. हे घडतं यान क्षितिजाच्या नऊपट अंतरावर असतानाच, म्हणजे यानाच्या घड्याळात बारा वाजायला अजून बारा मिनिटं बाकी असताना. गोठण्याचा जो खरा खेळ आपण वर पाहिला, तो सगळा डोळ्यांना दिसेनासं झाल्यानंतरचा आहे. शेवटच्या मिनिटाचं चित्र पाहायचं तर अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण हवी. ११:५९:५९ चा प्रकाश सुमारे ८७ पट ताणला गेलेला असतो.

त्यानंतर आपल्या घड्याळाच्या दर ५९ सेकंदांनी तरंगलांबी दुप्पट होत जाते. दहा मिनिटांनी ती पाच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सूक्ष्मलहरी. अर्ध्या तासाने एकेक लाट सत्तर किलोमीटरहून लांब. इतक्या लांब लाटांचं चित्र घेणारी दुर्बीण बांधायला कुठलाही आकार पुरणार नाही.

त्याहून कडक मर्यादा दुसरी आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात, म्हणजे मोजून घेता येतील अशा कणांच्या रूपात येतो. समजा आपला दिवा सतत पेटता ठेवला आणि तो ४० वॉट इतका हिरवा प्रकाश देतो. म्हणजे सेकंदाला सुमारे एकावर वीस शून्यं इतके फोटॉन. संख्या प्रचंड वाटते, पण ती मर्यादित आहे. शेवटच्या एका सेकंदात क्षितिजाबाहेर जेवढे फोटॉन सुटले तेवढेच, त्यात एकाचीही भर पडणार नाही. ते आपल्याकडे हळूहळू येत राहतात, पण दर सव्वातीन मिनिटांनी उरलेले फोटॉन एक दशांश होतात. वीस वेळा एक दशांश केलं की उरतो एक फोटॉन. वीस गुणिले सव्वातीन म्हणजे पासष्ट मिनिटं. त्यातले बहुतेक फोटॉन इतर दिशांना गेलेले असतात, त्यामुळे आपल्या दुर्बिणीत पडणारा शेवटचा फोटॉन त्याच्याही आधी येऊन गेलेला असतो.

गणितात ‘कधीच बारा वाजत नाहीत’ हे बरोबर आहे. पण आपल्यासमोर तासाभरात पूर्ण अंधार असतो आणि त्यानंतर त्या यानाकडून प्रकाशाचा एकही कण येणार नसतो. ही तासाभराची मुदतसुद्धा कृष्णविवर एवढं मोठं आहे म्हणून मिळते. दहा सूर्यांच्या वस्तुमानाचं लहान कृष्णविवर घेतलं तर तरंगलांबी दुप्पट व्हायला ५९ सेकंदांऐवजी सेकंदाचा सुमारे सात हजारावा भाग पुरतो. तिथे पडणारी वस्तू गोठताना दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पापणी लवण्याच्या आत ती विझते.

आता यानात जाऊ. बारा वाजले. काय जाणवलं? काहीही नाही. खिडकीबाहेर कुठली रेषा दिसली नाही, धक्का बसला नाही. शरीराच्या वरच्या आणि खालच्या टोकावरच्या गुरुत्वाकर्षणात फरक असतो आणि त्यामुळे शरीर ताणलं जातं, हे खरं. समुद्राला भरती-ओहोटी आणणारा फरक तो हाच. पण या कृष्णविवराच्या क्षितिजावर दोन मीटरच्या उंचीत हा फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या नऊ हजाराव्या भागाएवढा येतो. तो कळणारही नाही.

क्षितिजापासून केंद्रापर्यंत पोचायला यानाच्या घड्याळात २८ सेकंद लागतात. त्या अठ्ठावीस सेकंदांत दिवा आणखी अठ्ठावीस वेळा लुकलुकतो आणि त्यातली एकही लुकलुक आपल्याला दिसत नाही. शरीराला असह्य होईल इतका ताण, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहापट, सुरू होतो तेव्हा शेवट यायला सेकंदाचा दहावा भागही उरलेला नसतो. त्याआधी सगळं शांत.

यातली एक गोष्ट मला फार देखणी वाटते. लांबून सरळ पडणाऱ्यासाठी हा शेवटचा दहावा भाग सगळ्या कृष्णविवरांना सारखाच असतो. कृष्णविवराचं वस्तुमान हिशेबातून चक्क गळून पडतं. ताण किती, हे फक्त शेवट किती जवळ आला यावर ठरतं. फरक एवढाच की तो क्षण क्षितिजाच्या आत येतो की बाहेर. दहा सूर्यांच्या कृष्णविवरात क्षितिजापासून केंद्रापर्यंतचा सगळा प्रवासच सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागात संपतो, म्हणून तिथे माणूस क्षितिजाच्या कितीतरी बाहेरच ताणला जाऊन तुटतो. सॅजिटेरियस ए-स्टारमध्ये तो धडधाकट आत जातो.

आत गेल्यावर इंजिन चालू करून फार काही साधत नाही. क्षितिज ओलांडल्यानंतर या कृष्णविवरात जास्तीत जास्त ६६ सेकंद मिळू शकतात, कितीही ताकदीचं इंजिन असलं तरी. तिथे केंद्र ही ‘समोरची जागा’ राहत नाही, ती येणारी वेळ होते. उद्याला टाळण्यासाठी जसं बाजूला वळता येत नाही, तसंच तिथे.

आणखी एक समजूत फार पसरलेली आहे. आपल्याला यान गोठलेलं दिसतं, तर मग यानातून मागे पाहिल्यावर बाहेरच्या जगाचा सगळा भविष्यकाळ झरझर सरकताना दिसेल, असं म्हणतात. तर्क वरवर बरोबर वाटतो, पण निकाल उलटा आहे. आपल्याकडून निघालेला प्रकाश यानाला मागून गाठतो, आणि यान त्याच्यापासून दूर पळतंय. लांबून मोकळं पडणाऱ्याला आपलं घड्याळ मागे वळून पाहताना उलट हळू चालताना दिसतं, आणि क्षितिज ओलांडताना बरोबर निम्म्या वेगाने. बारा वाजेपर्यंत त्याने आपलं जितकं आयुष्य पाहिलं, त्यात कुठेही अनंतकाळ मावलेला नसतो. बाहेरचं जग वेगाने धावताना दिसतं ते क्षितिजाजवळ इंजिनाच्या जोरावर तरंगत राहणाऱ्याला. तरंगणारा आणि पडणारा यांची गल्लत केली की असे घोळ होतात.

मग मूळ प्रश्न. यान आत पडलं की नाही?

भौतिकशास्त्रज्ञांनाही हा प्रश्न बराच काळ छळत होता. १९१६ मध्ये श्वार्ट्‌झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर काढलं, आणि ते आज वापरतो त्या रूपात लिहिलं की क्षितिजाच्या जागी छेदात शून्य येतं. अनेकांना वाटलं, तिथे अवकाशच संपतं. १९३९ मध्ये ओपनहायमर आणि स्नायडर यांनी कोसळणाऱ्या ताऱ्याचा हिशेब केला आणि दोन्ही उत्तरं एकाच लेखात दिली. ताऱ्याबरोबर कोसळणाऱ्याला मर्यादित वेळ लागतो, बाहेरच्याला तारा क्षितिजाकडे सरकत राहतो पण पोचत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ तर अशा ताऱ्यांना ‘गोठलेला तारा’ म्हणत. १९५८ मध्ये फिंकेलस्टाइन यांनी दाखवलं की क्षितिजावरचं ते शून्य हा मोजण्याच्या पद्धतीचा दोष आहे. पृथ्वीच्या नकाशावर ध्रुवापाशी सगळी रेखावृत्तं एकत्र येतात म्हणून ध्रुवावर जमीन फाटत नाही, त्याच जातीचा. क्षितिजावर एकेरी वाट असते, एवढंच. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही.

‘बाहेरच्यासाठी ते अजून पडलेलंच नाही’ असं म्हणणाऱ्याने ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ विशिष्ट पद्धतीने लावलेला असतो. दूरच्या ठिकाणी ‘आत्ता’ काय चाललंय हे सापेक्षतावादात एकाच पद्धतीने ठरत नाही. श्वार्ट्‌झशिल्ड यांच्या पद्धतीने वेळ मोजली तर यान कायम बाहेर राहतं. वर वापरलेल्या ओढाच्या पद्धतीने मोजली तर ते बारा वाजता आत जातं आणि बारा वाजून अठ्ठावीस सेकंदांनी संपतं. दोन्ही पद्धतींमध्ये दुर्बिणीत काय दिसेल याचं उत्तर तंतोतंत एकच येतं, आणि यानातल्या घड्याळात बारा वाजले याबद्दलही दोन्हींत मतभेद नाही.

व्यवहारात तपासायचा दुसरा मार्ग म्हणजे यानाला परत आणायचा प्रयत्न करणं. ‘अजून तर ते बाहेरच दिसतंय’ म्हणून आपण मदतीचा संदेश पाठवला तर? एका ठरावीक क्षणानंतर पाठवलेला कुठलाही संदेश, प्रकाशाच्या वेगाने गेला तरी, यान क्षितिजाच्या आत गेल्यावरच त्याला गाठतो. आपल्या दुर्बिणीत यानाचं चित्र अजून येत असतं, पण ते वाचवण्याची मुदत संपून गेलेली असते.

कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षणही तेच सांगतं. यान क्षितिजाशी आलं की क्षितिज यानाच्या वस्तुमानामुळे किंचित मोठं होतं आणि बाहेरचं गुरुत्वाकर्षण थोडा वेळ थरथरून एकाच, जराशा जड कृष्णविवराचं होऊन जातं. अशी थरथर मोजलेलीही आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लहरी, एकमेकांत मिसळणाऱ्या सुमारे ३६ आणि २९ सूर्यांइतक्या दोन कृष्णविवरांच्या होत्या. ती एकमेकांच्या कडेवर गोठून बसली असती तर संकेताची शेपटी वेगळी दिसली असती. दिसलं ते असं की काही सहस्रांश सेकंदांत थरथर विझली आणि उरलं सुमारे ६२ सूर्यांचं एकच कृष्णविवर; बाकीचं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत निघून गेलं. एवढ्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवरापाशी प्रकाशाची तरंगलांबी दुप्पट व्हायलाही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ लागतो. प्रकाश ज्या घाईने विझतो, गुरुत्वाकर्षणही साधारण त्याच घाईने शांत होतं.